फोटोत दिशा दिसत नाही, तरी नावेचं गणित सुटतं

[सोसायटी ग्रुप, नांदेड]

पल्लवी, सी-203: सर्वांना नमस्कार. ईश्वरीच्या दहावीच्या सराव-पत्रिकेतलं एक गणित फोटो काढून टाकतेय. मैत्रिणीकडून हाच फोटो आलाय. मोबाईलची सावली पडल्यामुळे दोन शब्द दिसतच नाहीत. जोशी सर, जरा बघता का?
[फोटो]

पल्लवी, सी-203: फोटो उघडत नसेल त्यांच्यासाठी लिहिते. "एक नाव प्रवाहाच्या ……… 12 किमी व प्रवाहाच्या ……… 40 किमी अंतर एकूण 6 तासांत जाते. तीच नाव त्याच क्रमाने 18 किमी व 20 किमी अंतर एकूण 5 तासांत जाते. नावेचा संथ पाण्यातील वेग व प्रवाहाचा वेग काढा." टिंबांच्या जागी सावली आहे.

सचिन, बी-402: ताई, एका ठिकाणी 'दिशेने' असणार आणि दुसऱ्या ठिकाणी 'विरुद्ध'. कुठलं कुठं ते कळल्याशिवाय गणित सुटायचं नाही. मैत्रिणीला नीट फोटो मागा.

पल्लवी, सी-203: तिच्याकडूनही पत्रिका हरवलीय. ईश्वरीनं पहिलं 'दिशेने' धरून सोडवलं, तर प्रवाहाचा वेग उणे 2 आला. मघापासून आकडेमोड तपासतेय, चूक सापडत नाही.

सचिन, बी-402: मग उणे काढून 2 लिहायचं.

जोशी सर, ए-101: सचिन, उणे पुसू नका. सावलीत गेलेला शब्द तेच सांगतंय. पल्लवी, लेकराची आकडेमोड बरोबर आहे. ईश्वरीला फोन दे, पहिल्यापासून बघू.

ईश्वरी (आईच्या फोनवरून): हो सर. मी नावेचा वेग x आणि प्रवाहाचा y धरला. पुढे 12/(x+y) + 40/(x−y) = 6 असं लिहिलं.

जोशी सर, ए-101: छान. आता x आणि y घडीभर बाजूला ठेव. इथे बरीच मुलं छेद गुणून घेतात, मग x² आणि y² येतात आणि सगळा गुंता होतो. आपल्याला बेरीज कशाची दिलीय ते बघ. तासांची. जाण्याच्या एका भागाचे तास आणि दुसऱ्या भागाचे तास मिळून 6. वेगांची अशी बेरीज होत नाही. म्हणून अज्ञात राशीही वेळेचीच घ्यायची: एक किलोमीटर जायला किती वेळ लागतो. पहिल्या प्रकारच्या पाण्यात एका किलोमीटरला m तास, दुसऱ्या प्रकारात n तास. दिशा कुठली ते अजून ठरवायचंच नाही.

12m + 40n = 6
18m + 20n = 5

पुस्तकात 1/(x+y) = m असं मानायला सांगतात, त्याचा अर्थ एवढाच आहे. आता सोडव.

ईश्वरी: दुसऱ्याला 2 नं गुणलं. 36m + 40n = 10. त्यातून पहिलं वजा केलं, 24m = 4. म्हणजे m = 1/6. मग 2 + 40n = 6, n = 1/10.

जोशी सर, ए-101: बरोबर. याची मिनिटं करून सांग.

ईश्वरी: पहिल्या प्रकारात एका किलोमीटरला 10 मिनिटं, दुसऱ्यात 6 मिनिटं.

जोशी सर, ए-101: म्हणजे ताशी 6 किमी आणि ताशी 10 किमी. हे दोन वेग आपण वेगळे काढले, आणि ते काढताना कुठला शब्द कुठं होता ते लागलंच नाही. आता प्रश्न उरतो की यातला चढावाचा कुठला आणि उताराचा कुठला. तीच नाव, तेच वल्हवणं. प्रवाह सोबत असला की वेगात मिळतो, समोरून आला की वेगातून जातो. त्यामुळे कमी वेग हा नेहमी विरुद्ध दिशेचाच. म्हणून पहिल्या सावलीत 'विरुद्ध' आहे, दुसऱ्या सावलीत 'दिशेने'.

तू उलट धरलंस तेव्हा x + y = 6 आणि x − y = 10 झालं. त्यातून x = 8, y = −2. उणेचा अर्थ असा, की नदी तू मानलंस त्याच्या उलट्या बाजूला वाहतेय. खुणा अदलाबदल केल्या की x + y = 10, x − y = 6. बेरीज केली तर 2x = 16, वजाबाकी केली तर 2y = 4. नाव संथ पाण्यात ताशी 8 किमी, प्रवाह ताशी 2 किमी. नावेचा वेग दोन्ही वेळा 8 आला, हेही बघून ठेव.

सचिन, बी-402: म्हणजे आकडा 2 बरोबरच होता की सर.

जोशी सर, ए-101: आकडा बरोबर होता, पण मांडणीत 'प्रवाहाच्या दिशेने वेग 6, विरुद्ध वेग 10' असं लिहिलेलं राहिलं असतं. मी पेपर तपासत असतो तर तिथे गुण कापले असते. उणे आलं की वर जाऊन गृहीतक दुरुस्त करायचं, शेवटचं चिन्ह नाही.

वाघमारे मामा, ए-304: सर, मधीच बोलतो, माफ करा. आमचं बालपण गोदाकाठी गेलं. नाव वर न्यायची असली की नावाडी काठाकाठानं नेतो, कामून की तिथं धार कमी. उतरताना मधल्या धारेत घालतो. मग येताजाता प्रवाह सारखा कसा राहील?

जोशी सर, ए-101: मामा, अगदी खरं. नदीत मधोमध धार जोरात असते आणि काठाला मंद. गणितात आपण एकच y धरतो, म्हणजे दोन्ही वेळा नाव सारख्याच धारेतून गेली असं मानतो. तुमच्या नावाड्याचं गणित करायचं तर चढावाचा प्रवाह वेगळा आणि उताराचा वेगळा, मग अज्ञात तीन झाले. 6 आणि 10 हे वेग तरी निघतील, पण त्यांची अर्धी बेरीज म्हणजे नावेचा वेग, हे म्हणता येणार नाही.

पल्लवी, सी-203: सर, अजून एक शंका. फोटोत 18 चा 8 पुसट आहे. 13 असेल तर?

जोशी सर, ए-101: 13 घालून बघ. 26m + 40n = 10 होईल, वजा केल्यावर 14m = 4. एक वेग ताशी 3.5 किमी आणि दुसरा 15.55 च्या आसपास. उत्तर अशक्य नाही, उणेही येत नाही, म्हणून हा आकडा चिन्हावरून पकडता येत नाही. सराव-पत्रिकेत उत्तरं सहसा सुटसुटीत ठेवतात, त्यावरून मी 18 म्हणतो. एवढा अंदाजाचा भाग आहे, तो वहीत नोंदवून ठेवावा.

ईश्वरी: सर, पडताळा घेतला. 12/6 + 40/10 = 2 + 4 = 6. 18/6 + 20/10 = 3 + 2 = 5. जुळलं. पण एक विचारू? न सोडवताही दिशा कळली असती ना? पहिल्यांदा 52 किमीला 6 तास, दुसऱ्यांदा 38 किमीला 5 तास. दुसऱ्या वेळी नाव सरासरीनं हळू गेली, आणि तेव्हाच पहिल्या प्रकारचं अंतर जास्त होतं.

जोशी सर, ए-101: शाब्बास पोरी! ताशी साडेआठच्या वर आणि ताशी 7.6. पहिल्या प्रकारचा वाटा 52 मधले 12 होता, तो 38 मधले 18 झाला आणि सरासरी खाली आली. म्हणजे हळू पाणी पहिल्या प्रकारचं. आणि हेच गणित पैठणच्या नाथसागरात घातलं असतं, जिथं वाऱ्याशिवाय पाणी जवळपास उभं असतं, तर दोन्ही सरासऱ्या सारख्या यायला हव्या होत्या. त्या वेगळ्या आल्या, तिथंच प्रवाह आहे हे कळलं.

सचिन, बी-402: ताई, हे सगळं एका कागदावर लिहून फोटो टाका ना. आमच्या चिरंजीवांचीही हीच पत्रिका आहे.

पल्लवी, सी-203: टाकते. या वेळी खिडकीपाशी धरून काढते.