‘लेफ्ट डॉमिनंट’ला मराठीत काय म्हणावं?

गिरणाकाठ: मामांची अँजिओग्राफी झाली. रिपोर्टात पहिल्याच ओळीत ‘लेफ्ट डॉमिनंट सर्क्युलेशन’. घरात रडारड, कारण सगळ्यांना वाटलं डाव्या बाजूला जोर आलाय, म्हणजे आजार तिकडेच. मी एरंडोलच्या नातेवाइकांसाठी रिपोर्ट मराठीत लिहून काढतोय. ‘डावे प्रभुत्व’ लिहिलं, पण वाचून मलाच काही कळेना. योग्य शब्द कोणता?

शब्दवेडा_धुळे: ‘प्रभावी’. शाळेत जनुकांना प्रभावी-अप्रभावी म्हणतो तेच. आणि ‘नस’ म्हणू नका, ‘धमनी’ म्हणा. धम् म्हणजे फुंकणे, भात्यातला वारा आठवा. किती सुंदर शब्द आहे!

चोपडेकर: नस ब्लॉक झाली हे अख्खं खान्देश बोलतं, धमनी कोण म्हणतं? बाकी डॉमिनंट म्हणजे जी नस मोठी, जास्त रक्त नेते ती. ‘मोठी डावी’ लिहा, झालं.

कॅथलॅब_१२वर्षं: भाऊ, तिथेच चूक होते. राइट डॉमिनंट माणसातही डाव्या खालच्या कप्प्याला बहुतेक रक्त डाव्या नसाच देतात. प्रश्न फक्त एकाच फांदीचा आहे. हृदयाच्या मागच्या बाजूला खोबणीतून खाली उतरणारी फांदी, आम्ही तिला पीडीए म्हणतो. ती उजव्या नसेतून निघाली तर राइट डॉमिनंट, डावीच्या सर्कमफ्लेक्स नावाच्या फांदीतून निघाली तर लेफ्ट. दहातल्या साधारण आठ जणांची उजवी, उरलेल्यांत काहींची डावी, काहींना दोन्हीकडून. हा जन्माचा आराखडा आहे, आजार नव्हे.

गिरणाकाठ: मग मामांचा ब्लॉक ‘सर्कमफ्लेक्समध्ये ९०%, सुरुवातीलाच’ लिहिलाय. त्याचं काय?

कॅथलॅब_१२वर्षं: तेच महत्त्वाचं. डाव्या मूळ नसेला थोडं पुढे दोन फाटे फुटतात: एलएडी पुढच्या भिंतीवर आणि दोन खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याच्या पुढच्या भागात, सर्कमफ्लेक्स वळसा घालून बाजूला. राइट डॉमिनंट माणसाची सर्कमफ्लेक्स तिथे बंद पडली तर बाजूची भिंत उपाशी राहते. खालची-मागची भिंत उजवी सांभाळते. मामांची सर्कमफ्लेक्स मात्र पुढे जाऊन मागे पीडीएही देते. म्हणून तीच जागा बंद झाली तर बाजूची भिंत, खालची भिंत आणि पडद्याचा मागचा भाग, सगळं एकदम धोक्यात. वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत ठोक्याची वीज नेणाऱ्या गाठीलाही बहुधा डॉमिनंट नसच रक्त देते, म्हणून नाडी मंदावू शकते.

अँजिओग्राफीच्या शूटिंगमध्ये मी हे डोळ्यांनी पाहतो. डाव्यात रंग सोडला की सर्कमफ्लेक्स मागे जात राहते आणि शेवटी खाली वळते. मग उजव्यात सोडला तर ती बारीक, मागच्या खोबणीपर्यंत पोचायच्या आतच संपलेली.

पाटकरी_पांझरा: मना भावा, हे तर बंधाऱ्याखालच्या फडाच्या शेतीचं पाणी! पाट कुठून फुटतो त्यावर शेवटचा फड कोणाचा ते ठरतं. बंधारा एकच, पण पाट फुटायच्या आधी दगड पडला तर सगळे फड कोरडे, पुढे पडला तर एकच.

कॅथलॅब_१२वर्षं: अगदी बरोबर, आप्पा. म्हणून लेफ्ट डॉमिनंट माणसाची डावी मूळ नस बंद पडली तर डाव्या खालच्या कप्प्याचा जवळपास सगळा पाट बंद. उलट अशाच माणसाची बारीक उजवी बंद पडली तर नुकसान बरंच मर्यादित, मुख्यतः उजव्या कप्प्याचं. तीच उजवी राइट डॉमिनंटमध्ये सुरुवातीला बंद पडली तर खालची भिंत जाते, उजवा कप्पाही जाऊ शकतो, आणि बीपी पडलेलं असताना जिभेखालची गोळी देणं धोक्याचं ठरतं. अर्थात आडवाटेनं दुसऱ्या नसेतून रक्त येत असेल तर चित्र बदलतं.

सुनबाई_पारोळा: माझे दीर डावखुरे आहेत. त्यांचं लेफ्टच असणार का?

कॅथलॅब_१२वर्षं: नाही ताई, हाताशी काही संबंध नाही.

शब्दवेडा_धुळे: तरी ‘डावं’ कोणाचं? जामद्याचा डावा कालवा म्हणतात तेव्हा पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करून डावा. इथे?

कॅथलॅब_१२वर्षं: पेशंटचा स्वतःचा डावा. समोरून पाहणाऱ्याचा नव्हे.

गिरणाकाठ: मग ‘मागचा पुरवठा डाव्या नसेकडून’ लिहू?

शब्दवेडा_धुळे: ती व्याख्या झाली, शब्द नाही. ‘डावी-प्रधान रचना’ म्हणा.

चोपडेकर: प्रधान म्हटलं की मामी विचारतील, मुख्य ब्लॉक तोच का? लेफ्ट डॉमिनंटच राहू द्या, खाली ओळ टाका.

पाटकरी_पांझरा: आमच्याकडे पाट फुटतो त्या जागेला वेगळा शब्द आहे का कोणाला माहीत? आजोबा काहीतरी म्हणायचे, आठवेना.

शब्दवेडा_धुळे: साक्रीकडे विचारा. तिकडचे अजून फड करतात.