मदत हवी आहे: प्रोजेक्ट नाही, मुलाखतीत काय सांगू?

सांगलीत मेकॅनिकल डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोमवारी कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये इंटर्नशिपची मुलाखत आहे. प्रोजेक्ट नाही, कामाचा अनुभव नाही. सीनियर म्हणतात, नेटवरचा एखादा प्रोजेक्ट ठोकून दे. ते करायचं नाही.

स्वतःच्या हाताने केलेला एकच जॉब नीट सांगता येतो: लेथवर २५ मिमीचा एमएस रॉड २२ वर आणायचा होता. रफ कटनंतर व्हर्नियरवर एका टोकाला २२.४० आणि दुसऱ्या टोकाला २२.५४ आलं, म्हणजे टेपर. टेलस्टॉक सेंटरमधून सरकला होता. तो लाइनीत घेऊन मग फिनिश कट मारला.

शॉपमध्ये मुलाखती घेणाऱ्यांना विचारायचंय: ‘प्रोजेक्ट काय केलास?’ याला हा जॉब सांगितला तर चालेल का? आणि त्यावर पुढे काय खोदून विचाराल, स्पीड-फीड की थेट ड्रॉइंग हातात देऊन टॉलरन्स?