मदत हवी आहे: बाबांची चक्कर डॉक्टरांना इंग्रजीत नेमकी कशी सांगू?

मृण्मयी_चेन्नई
बाबा (वय 76) सांगलीहून माझ्याकडे चेन्नईला आलेत. मंगळवारी इथल्या फिजिशियनकडे न्यायचंय. डॉक्टर तमिळ आणि इंग्रजी बोलतात, हिंदी जेमतेम. बाबांना मराठीच येतं, हिंदी बाजारहाटापुरती. म्हणजे मधे मीच.

तक्रार चक्करेची. बीपीची अमलोडिपिन बरीच वर्षं चालू आहे. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन सांगलीत अलीकडेच सुरू झाली. बाबांना काहीही विचारलं की उत्तर उसाच्या बिलापासून सुरू होतं. मधेच तोडलं तर "मला बोलू तरी दे" म्हणून चिडतात. मग मी सगळं ऐकून एका वाक्यात उरकते, आणि डॉक्टर पुढचे प्रश्न मलाच विचारायला लागतात. वर लघवीचं माझ्यासमोर बोलायला त्यांना अवघड वाटतं. एकेक वाक्य, आहे तसं, कसं पोचवायचं?

तात्या_बार्शी
ताई, चक्कर बहुतेक पित्ताची. रोज सकाळी मोरावळा द्या. आणि मानेचा एक्स-रे काढा, आमच्या मेव्हण्याची चक्कर मानेचीच निघाली.

मृण्मयी_चेन्नई
तात्या, उपाय नकोयत हो, बोलायचं कसं ते विचारतेय.

खारी_बिस्कीट
मी आईच्या वेळी सोपं केलं. सगळं इंग्रजीत कागदावर लिहून नेलं: 'व्हर्टिगो, एक महिन्यापासून', खाली गोळ्यांची नावं. डॉक्टरांनी वाचलं, पाच मिनिटांत बाहेर. आईला काही बोलावंच लागलं नाही.

दुभाषी_एडिसन
न्यू जर्सीत हॉस्पिटलमध्ये मराठी-हिंदी दुभाषी म्हणून काम करते. खारी, गोळ्यांचा कागद उत्तम, तो न्यायचाच. पण वर 'व्हर्टिगो' लिहिलंत म्हणजे निदान तुम्हीच करून टाकलंत. आपल्याकडे डोकं गरगरलं तरी चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी आली तरी चक्कर, चालताना झोक गेला तरी चक्कर. डॉक्टरांसाठी या तीन वेगळ्या वाटा आहेत. गरगरलं तर ते कानाकडे वळतील, उठताना अंधारी आली तर बीपी आणि गोळ्यांकडे.

मृण्मयी, बाबा समजा असं म्हणाले: "पहाटे लघवीला उठतो तेव्हा डोळ्यापुढं काळं होतं. कपाटाला धरून उभा राहतो. मग जातं ते. पडलो नाही अजून." याचं 'बाबांना सकाळी चक्कर येते' एवढंच केलंत तर किती गळलं बघा. पहाटे, झोपेतून उठताना, लघवीसाठी, काळं होणं, आधार घेणं, आपोआप जाणं, न पडणं. यातलं एकूण एक डॉक्टरांच्या कामाचं आहे. म्हणून दोन वाक्यं झाली की सांगायचं, मग पुढची दोन. "काळं होतं" तर 'एव्हरीथिंग गोज ब्लॅक' म्हणा, ओळखीचा वैद्यकीय शब्द शोधत बसू नका. आणि "अजून" गाळू नका, त्यात त्यांची भीती आहे.

थांबवण्याचं घरीच ठरवा. "बाबा, मी तुमच्या हातावर हात ठेवला की जरा थांबा, तेवढं सांगते, मग पुढचं बोला." आधी ठरलं असलं की अपमान वाटत नाही. उसाच्या बिलाचं आलं तर तेही थोडक्यात सांगा, "आता शेतीच्या पैशांचं बोलताहेत" असं. गाळायचं की नाही ते डॉक्टरांना ठरवू दे. कधी त्याच गोष्टीत 'त्या दिवशी गोळी घेतलीच नव्हती' असं लपलेलं असतं.

आणि बोलताना "मी". 'माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येते' असंच. त्याने डॉक्टर बाबांकडे बघायला लागतात.

डॉ_बेळगाव
इथे माझं वेगळं मत आहे. माझ्याकडे कन्नड-मराठी दोन्ही पेशंट येतात, बरोबर मुलगा नाहीतर सून असतेच. व्यावसायिक दुभाषाला "मी" शोभतं. मुलगी "मला रात्री लघवीला उठावं लागतं" म्हणाली की भर ओपीडीत मी क्षणभर गोंधळतो. घरच्यांनी 'बाबा म्हणतात' लावलं तरी चालेल. फक्त स्वतःचं मत वेगळं काढून सांगा: "हे बाबांचं झालं. आता मी सांगते, मला वाटतं ते गोळ्या विसरतात." ही सरमिसळ झाली की पेशंट काय म्हणाला तेच कळत नाही.

टॅमसुलोसिनने उठताना बीपी खाली येऊ शकतं, वर बीपीची गोळी आहेच. म्हणून ती कधी सुरू झाली आणि अंधारी कधीपासून, हे दोन्ही बाबांकडून विचारून घ्या, अंदाजाने सांगू नका. डॉक्टर बहुधा आडवं झोपवून बीपी घेतील, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी. उभं असताना बाबांना काय होतंय ते त्या क्षणी, त्यांच्याच शब्दांत सांगायचं. नंतर आठवून नाही. आणि तोपर्यंत कुठलीही गोळी मनाने बंद करू नका.

मृण्मयी_चेन्नई
हे फारच उपयोगी. आणि उलट बाजू? डॉक्टर भराभर बोलतात आणि बाबा सगळ्याला "हो, हो" करतात.

दुभाषी_एडिसन
तो "हो" म्हणजे 'ऐकलं'. 'समजलं' नव्हे.

डॉक्टरांना आधीच सांगा, एका वेळी एकच सूचना द्या. समजा ते म्हणाले, 'अमलोडिपिन पाचऐवजी अडीच करा, दुसरी कॅप्सूल रात्री जेवणानंतर, उठताना आधी पलंगाच्या कडेला बसा, आठवडाभर बीपी लिहून आणा.' या चार गोष्टी झाल्या, चार वेळा थांबायचं. आकडा दोनदा: "टू पॉइंट फाइव्ह ना, ट्वेंटी फाइव्ह नव्हे?" मराठीत 'अडीच' ऐकलं की घोळ होत नाही, पण इंग्रजीतून घेताना होतो. अडीचची गोळी वेगळी मिळते की पाचची अर्धी करायची, तेही तिथेच विचारा. कॅप्सूल मात्र उघडायची किंवा चावायची नसते.

शेवटी "समजलं का?" विचारू नका. "बाबा, आईला फोनवर गोळ्यांचं काय सांगाल?" असं विचारा आणि ते जे म्हणतील ते इंग्रजीत डॉक्टरांना ऐकवा. चूक तिथल्या तिथे पकडली जाते.

खारी_बिस्कीट
पण एवढा वेळ देतात कुठे? बाहेर तीस टोकन असतात.

डॉ_बेळगाव
खरं आहे. म्हणून आत गेल्या गेल्या पहिलं वाक्य हेच: "बाबांना मराठीच येतं, मी वाक्यावाक्याने सांगणार आहे, थोडा वेळ लागेल." मला कोणी असं सांगितलं की मी आपोआप हळू बोलतो. सगळेच बोलतील असं नाही.

म्युनिकची_सून
मूळ प्रश्नात लघवीचं होतं ना? सासूबाईंच्या वेळी मी बाईच असूनही त्यांनी "हे सांगू नको त्याला" म्हणून मला अडवलं. मी नाही सांगितलं. घरी येऊन नवऱ्याशी भांडण झालं.

दुभाषी_एडिसन
आमच्याकडे नियम सरळ आहे, खोलीत उच्चारलेलं सगळं पलीकडे जातं, आणि हे पेशंटला सुरुवातीलाच सांगतो. इथे हॉस्पिटलला फुकट दुभाषा द्यावा लागतो, त्यामुळे असली वेळ मुलीवर येतच नाही म्हटलं तरी चालेल. मृण्मयी, लघवीच्या प्रश्नांपुरतं नवऱ्याला नाहीतर भावाला फोनवर घेता येईल का?

डॉ_बेळगाव
मुलगी दुभाषी नाही, ती मुलगीच आहे. बाबांनी विश्वासाने सांगितलेलं त्यांच्या परवानगीशिवाय सांगावं असं मला वाटत नाही. पण गोळी बंद केल्याचं लपवत असतील तर मात्र सांगाच. रेषा कुठे ओढायची, मला विचाराल तर दर पेशंटला वेगळी.

मृण्मयी_चेन्नई
भावाला विचारलं, मंगळवारी अकराला तो फोनवर असेल. हातावर हात ठेवण्याचंही आज जेवताना सांगून झालं. बाबा म्हणाले, "आणि तू चुकीचं सांगितलंस तर मी काय करायचं?" याला काय उत्तर देऊ?

तात्या_बार्शी
त्यांनाही हात ठेवू द्या की तुमच्या हातावर.