जोड्या जुळवा: रेघ दोन पर्यायांच्या मधेच संपली तर गुण द्यायचा का?

पंचवटी_चौथी_ब
चौथीच्या परिसर अभ्यासाचे पेपर तपासतेय. 'अ' गटात वरून खाली गोदावरी, कृष्णा, भीमा, तापी, नर्मदा. 'ब' गटात मुलताई, महाबळेश्वर, अमरकंटक, त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर. एका जोडीला एक गुण. एका मुलाची गोदावरीची रेघ अमरकंटक आणि त्र्यंबकेश्वर यांच्या मधे थांबलीय, तीही नर्मदेची रेघ जिथे तिला छेदते बरोबर तिथेच. गुण द्यायचा का?

सिडको_गणित
नाही. रेघ कुठल्याच पर्यायाला टेकली नाही, म्हणजे उत्तर दिलेलंच नाही. 'याला तेच म्हणायचं असेल' या पायावर एकदा गुण दिला, की पुढच्या चाळीस पेपरांत प्रत्येकाच्या मनात काय होतं ते शोधत बसावं लागतं. त्यात अक्षर नीटस असलेल्या मुलाला झुकतं माप मिळतं आणि गबाळ्या मुलाला मिळत नाही. शून्य दिलं तर निदान सगळ्यांना सारखं.

गंगापूररोड_पालक
माझ्या मुलीचेही असेच दोन गुण गेलेत. रेघा एकमेकींवरून गेल्या म्हणून बाईंनी त्या जोड्यांवर फुली मारली. मुलांना घरी शिकवतानाच सांगायला हवं का, की रेघ दुसरीला छेदता कामा नये?

नाशिकरोड_तपासनीस
पालकताई, असं मुळीच सांगू नका, मुलीचं नुकसान होईल. छेदणं ही चूक नव्हे. वर दिलेल्या क्रमात पाचही जोड्या अचूक जुळवल्या, तर सरळ रेघा सहा ठिकाणी छेदतातच. एकट्या गोदावरीची रेघ कृष्णा, तापी आणि नर्मदा या तिघींना छेदते. एकही छेद नको असेल तर पहिल्यासमोर पहिला, दुसऱ्यासमोर दुसरा असंच जुळवावं लागेल, आणि इथे तसं केलं तर फक्त कृष्णा–महाबळेश्वर बरोबर येईल. मुलीचा पेपर परत बघायला मागा. रेघेची दोन्ही टोकं योग्य जागी असतील तर ते गुण तिचेच आहेत.

आता मूळ पेपर. गोदावरी पहिल्या ओळीतून चौथ्या ओळीत उतरते, नर्मदा पाचव्या ओळीतून तिसऱ्या ओळीत चढते. दोघी गाठतात ती जागा 'अ' गटापासून चार पंचमांश अंतरावर येते. दोन गटांमधे सहा सेंटिमीटर जागा असेल तर 'ब' गटापासून सव्वा सेंटिमीटरही उरत नाही, आणि ती उंची नेमकी अमरकंटक आणि त्र्यंबकेश्वर यांच्या मधली. म्हणजे मुलाने रेघ थोडी आधी उचलली तरी ती 'दोन पर्यायांच्या मधे' संपल्यासारखीच दिसणार. हा त्याचा गोंधळ नसून छापील क्रमाने तयार झालेला गोंधळ असू शकतो.

रेघ फूटपट्टीने ओढलेली असेल तर तिच्यावर पट्टी ठेवून पुढे वाढवून बघा. त्र्यंबकेश्वरच्या शब्दावर गेली तर माझ्या मते गुण द्यावा.

द्वारका_सर
पट्टीचीही गरज नाही. उरलेल्यावरून ठरवा. कृष्णा, भीमा, तापी, नर्मदा आपापल्या जागी पोचल्या असतील, तर एकच नदी आणि एकच ठिकाण उरतं. शिवाय नाशिकच्या मुलाला गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते हे ठाऊक नसेल का? ब्रह्मगिरीची सहल झालेली असते.

सिडको_गणित
सर, मुलाला काय ठाऊक असेल यावर गुण देता येत नाहीत. तसं असेल तर नाशिकच्या मुलांना हा प्रश्न विचारायचाच कशाला?

नाशिकरोड_तपासनीस
उरलेल्यावरून ठरवण्याची युक्ती इथे लागू पडते, पण दोन अटींवर. 'ब' गटात जास्तीचा पर्याय नसावा, आणि एक ठिकाण दोनदा वापरायला मनाई असावी. सहावा पर्याय म्हणून 'सापुतारा' टाकला असता तर दोन ठिकाणं उरली असती आणि युक्ती तिथेच संपली असती.

दुसरं, तोच नियम उलट्या बाजूनेही पाळायची तयारी हवी. समजा नर्मदेची रेघ स्पष्टपणे त्र्यंबकेश्वरला गेलीय. मग उरलेल्यावरून गोदावरीचं उत्तर 'अमरकंटक' ठरतं आणि दोन्ही जोड्या चूक होतात. तिथे आपण म्हणणार का, की 'रेघ मधे आहे, पण त्याला त्र्यंबकेश्वरच म्हणायचं होतं'? नियम फक्त गुण देताना आठवत असेल तर तो नियम नाही.

खरी खबरदारी मात्र उत्तरसूची हातात घेण्याआधीची आहे. बरोबर उत्तर डोळ्यासमोर असलं की वाकडी रेघसुद्धा तिकडेच जाताना दिसते. म्हणून सूची पालथी ठेवायची आणि फक्त रेघा वाचायच्या. बंद पेनाचं टोक गोदावरीवर ठेवून रेघेवरून 'ब' गटापर्यंत न्यायचं. छेद आला की वळायचं नाही, आलो त्याच दिशेने पुढे जायचं. समासात पेन्सिलीने '१–४' असा ओळींचा क्रमांक लिहायचा, आणि मधे संपलेल्या रेघेला '१–३/४'. पाचही झाल्या की 'ब' गटाकडून उलट यायचं. दोन्ही वाचनं जुळली तर सूची उघडायची. जुळली नाहीत तर तीच रेघ वादाची, बाकीच्या चार नाहीत.

देवळाली_मराठी
'आलो त्याच दिशेने पुढे' हे पट्टीच्या रेघांना ठीक. चौथीची मुलं हाताने ओढतात. भीमा आणि तापी 'अ' गटापासून सव्वा सेंटिमीटरच्या आतच छेदतात. तिथे दोन्ही रेघा जरा वाकल्या की काही अंतर एकमेकींवर बसतात आणि पुढे फुटतात. भीमा वर मुलताईला गेली की खाली भीमाशंकरला, हे डोळ्यांनी कळत नाही.

नाशिकरोड_तपासनीस
बरोबर, ती जागा सगळ्यात वाईट. पेपर उजेडात तिरका धरला तर पेन्सिलीचा दाब दिसतो, आणि कधी कधी वरून गेलेली रेघ कुठली हे कळतं. खोडलेल्या जुन्या रेघेची खाच मात्र नव्या उत्तरात मोजू नका, ती खाच पुष्कळदा फसवते. एवढं करूनही रेघा सुट्या होत नसतील तर मी दोन्ही जोड्यांना गुण देत नाही.

द्वारका_सर
इथे मी सहमत नाही. त्या दोघींचे फक्त दोनच अर्थ निघतात: दोन्ही बरोबर किंवा दोन्ही चूक. संशयाचा फायदा मुलाला द्यावा.

सिडको_गणित
आणि ज्याने खरंच भीमा मुलताईला जोडली, त्यालाही दोन गुण?

पंचवटी_चौथी_ब
पट्टी लावून पाहिली. रेघ हाताने ओढलेली आहे, पण शेवटचे दोन सेंटिमीटर बऱ्यापैकी सरळ आहेत. वाढवली तर त्र्यंबकेश्वरच्या 'त्र्य'वर जाते. नर्मदा अमरकंटकला नीट टेकलीय. सूची न बघता शेजारच्या वर्गाच्या बाईंना वाचायला दिलं, त्यांनीही '१–४' लिहिलं. गुण देतेय. मुलाला बोलावून 'बोट ठेवून दाखव' म्हणावं का, असाही विचार आला होता.

देवळाली_मराठी
सरावाच्या कागदाला जरूर विचारा. परीक्षेच्या पेपरला नको. बाहेर आल्यावर मुलांनी उत्तरं ताडून पाहिलेली असतात, तो आजचं उत्तर सांगेल, त्या दिवशीचं नाही. पुढच्या पेपरात नदीच्या नावापुढे चौकट छापा आणि 'ब' गटातलं अक्षर लिहायला सांगा. रेघाच हव्या असतील तर प्रत्येक नावाशेजारी ठिपका द्या आणि दोन ओळींत निदान दीड सेंटिमीटर जागा सोडा.

सिडको_गणित
चौकटीला माझा पाठिंबा. या पेपराचा गुण मात्र मी अजूनही दिला नसता.