सेटअप टाइम, होल्ड टाइम: क्लॉक एवढा हळू केला तरी ८ वा आणि ९ वा दिवा एकदम का लागतोय?

पूर्वभाग_०२
नमस्कार. मी सोलापूरची, डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्स, शेवटचं वर्ष. काकांच्या शेडमध्ये टॉवेलचे १२ पॉवरलूम आहेत, कुठला बंद पडलाय ते दारातनंच दिसावं म्हणून दिव्यांचं पॅनल करतेय. दोन बोर्ड, प्रत्येकावर एक 74HC595 आणि ८ एलईडी, पहिल्या चिपच्या QH' पिनेतनं डेटा दुसऱ्या चिपला जातो, क्लॉक आणि लॅच दोघींना तेच. घरी टेबलावर सगळं नीट चालत होतं. शेडमध्ये मोटरींचा नॉइज असतो म्हणून दुसऱ्या बोर्डवर क्लॉकच्या पिनेला १ किलोओहम आणि १०० पिकोफॅरडचा फिल्टर लावला आणि तिथनं सगळं बिघडलं. टेस्टला एकच दिवा एकेक घर पुढे सरकवते, तर ८ वा लागला की त्याच्यासोबतच ९ वाही लागतो, पुढच्या पल्सला थेट १० वा, म्हणजे दुसरा बोर्ड कायम एक घर पुढे.

सर म्हणाले सेटअप-होल्ड व्हायोलेशन आहे. मग मी क्लॉक १ किलोहर्ट्झवर आणला, तरी जसंच्या तसं. व्याख्या मला पाठ आहेत, क्लॉकच्या आधी इतका वेळ डेटा स्थिर, नंतर इतका वेळ स्थिर, पण चिपच्या आत नक्की काय बिघडतं ते कळत नाही.

सोल्डर_वाला
डेटा लावल्या लावल्या क्लॉक देतेस म्हणून होतंय, चिपला डेटा वाचायला वेळच मिळत नाही. मध्ये एक डिले टाक, माझ्या डिस्प्लेला असंच झालं होतं, डिलेनं गेलं.
```
digitalWrite(DATA, b);
delayMicroseconds(50);
digitalWrite(CLK, HIGH);
digitalWrite(CLK, LOW);
```

पूर्वभाग_०२
दादा टाकून बघितला, ५०० पण टाकून बघितला. काहीच फरक नाही.

ताणाबाणा
सेटअप टाइम म्हणजे बीम बदलायला लागणारा वेळ म्हणताय ना? आमच्याकडं त्याला अर्धा दिवस जातोय, सांधणारी माणसं मिळत नाहीत. दिव्याच्या पॅनलनं त्यात काय फरक पडेल वाटत नाही बघा. चिपचं असलं तर मला त्यातलं कळत नाही, पण आधी-नंतरचा वेळ म्हणत असाल तर आमच्या धोट्याचं तसंच असतं, धोटा पलीकडं पूर्ण पोचायच्या आत ताणा मिटला की धोटा मध्येच अडकतो आणि धागे तुटतात.

स्कोप_आणि_चहा
काका, तुम्ही बीमचं बोलताय पण धोट्याचा दाखला सेटअपला अगदी चपखल बसतो, तिथनंच सुरू करतो.

चिपच्या आत प्रत्येक फ्लिपफ्लॉपला दाराशी एक स्विच असतो आणि त्याच्या मागं दोन इन्व्हर्टर. क्लॉक खाली असताना दार उघडं असतं, डेटा आत येऊन पहिला इन्व्हर्टर फिरवतो, मग तो दुसऱ्याला फिरवतो. क्लॉक वर गेला की दार मिटतं आणि दुसऱ्याचं आउटपुट पहिल्याच्या इनपुटला जोडलं जातं, म्हणजे दोघं एकमेकांना धरून बसतात, हीच मेमरी. आता डेटा दार मिटायच्या जरासा आधी बदलला तर पहिला इन्व्हर्टर नव्याकडं वळायला लागलेला असतो आणि दुसऱ्याला अजून पत्ताच नसतो. अशात दोघांना एकमेकांत अडकवलं की आतला व्होल्टेज ना ० ना ५, मध्येच कुठंतरी लटकतो. मग तो कधी जुन्या बाजूला पडतो, कधी नव्या, आणि अगदी मध्यावर सापडला तर पडायलाच नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतो. याला मेटास्टेबल म्हणतात, धोटा ताण्यात अडकणं म्हणजे हेच.

होल्ड वेगळं आहे. इथं डेटा वेळेत आलेला असतो, आत नीट बसलेलाही असतो, पण दार मिटायला थोडा वेळ लागतो आणि तेवढ्यात बाहेरचा डेटा बदलला तर अर्धवट उघड्या दारातनं नवा आत घुसतो आणि बसलेल्याला उठवतो.

सोल्डर_वाला, तुमचा इलाज सेटअपचा आहे, आणि तिथं तो बरोबरच आहे. पण 595 ला ५ व्होल्टच्या आसपास सेटअप लागतो साधारण २० नॅनोसेकंद आणि एक digitalWrite च काही मायक्रोसेकंद खातो, त्यामुळं तो तुमच्या डिलेशिवायच शंभरपट पाळला जातोय.

ताई, तुमची चूक दोन चिपांच्या मधे आहे. क्लॉक वर गेल्यावर पहिल्या चिपचा QH' बदलायला साधारण १७ नॅनोसेकंद घेतो. दुसऱ्या चिपला तोच क्लॉक तुमच्या फिल्टरमधनं जातो, आणि १ किलोओहम गुणिले १०० पिकोफॅरड म्हणजे १०० नॅनोसेकंद, अर्ध्या व्होल्टेजला पोचायला त्याच्या ०.६९ पट, म्हणजे जवळपास ७०. म्हणजे दुसरी चिप दार मिटते तेव्हा समोरचा डेटा बदलून ५० नॅनोसेकंद होऊन गेलेले असतात. जुना बिट घ्यायचा तर ती नवाच घेते. ८ वा आणि ९ वा सोबत लागतो तो यामुळं. डेटाशीटमध्ये 595 चा होल्ड शून्य दिलाय, म्हणजे फिल्टर नसताना तुम्हाला १७ ची मोकळीक होती, आता ती उणे ५० झालीये. तुमच्यात तर एवढं अंतर आहे की मेटास्टेबल होतच नाही, स्वच्छ चुकीचं उत्तर दर वेळी.

आणि या हिशोबात क्लॉकचा पिरियड कुठंच आला नाही बघा. १७ आणि ७० ही एकाच एजची शर्यत आहे, पुढची एज १ मिलिसेकंदानं आली काय आणि वर्षानं आली काय. क्लॉक हळू करून चूक गेली तर सेटअप, नाही गेली तर होल्डवर संशय घ्यायचा.

एक करा, १०० च्या जागी २२ पिकोफॅरड लावून बघा आणि काय होतं ते इथं लिहा.

पूर्वभाग_०२
लावला सर! आता मजाच, ९ वा दिवा कधी वेळेवर लागतो, कधी ८ व्याबरोबर. कॅपॅसिटरला नुसतं बोट लावलं तरी बदलतं.

स्कोप_आणि_चहा
म्हणजे शर्यत बरोबरीत आली. वायरचे आणि पिनेचे चार-पाच पिकोफॅरड धरले तर क्लॉकचा उशीर १८ च्या आसपास आणि डेटाचा १७. असंच बोर्ड प्रदर्शनाच्या दिवशी दगा देतं, म्हणून हा २२ चा फिल्टर असाच ठेवू नका.

इलाज म्हणजे डेटाला उशीर करा. QH' पासनं दुसऱ्या चिपच्या डेटा पिनेला १ किलोओहम आणि २२० पिकोफॅरड, तिथं १५० नॅनोसेकंद जातील, वर QH' चे १७. क्लॉकवर १०० परत लावलात तरी तो ७० लाच येतो, म्हणजे १०० च्या आसपास मोकळीक. तुमचा क्लॉक हळू आहे, सेटअपला त्यानं काही होत नाही. दुसरं म्हणजे 74HC4094 चिप, तिच्यात QS2 नावाचं आउटपुट आहे जे क्लॉक खाली येताना बदलतं, संथ क्लॉकवर चिपा जोडायलाच ते दिलंय.

सोल्डर_वाला
4094 चं माहीत नव्हतं. पण फिल्टर काढूनच टाकला असता तर?

स्कोप_आणि_चहा
टेबलावर चाललंच होतं की. शेडमध्ये क्लॉकवर मोटरीचा एक काटा आला तर एक पल्स जास्त मोजला जाईल आणि चित्र असंच एक घर सरकेल, ती चूक वेगळी पण दिसायला सारखीच.

पूर्वभाग_०२
२२० पिकोफॅरड डेटाला लावला, क्लॉकवर १०० परत. टेबलावर दोन तास चालवला, एकही चूक नाही. काल अक्कलकोट रोडला शेडमध्ये नेला, तिथं पण ८ नंतरच ९. फक्त शेजारचा लूम चालू करताना कधीतरी एखादा दिवा क्षणभर चुकीचा लागतो, पुढच्या रिफ्रेशला बरोबर होतो. हे पण होल्डच आहे का?

स्कोप_आणि_चहा
वाटत नाही. होल्डची चूक ८-९ च्या सांध्यावरच दिसली असती. तुमचा दिवा दर वेळी तोच असतो की वेगवेगळा? आणि लॅचच्या वायरला फिल्टर आहे का?

पूर्वभाग_०२
वेगवेगळा असतो. लॅचला काहीच नाही लावलेलं. रविवारी परत जाणार आहे शेडमध्ये, बघून लिहिते.