लांबी बरोबर, पण चवड्याला आवळतो: अर्धा नंबर वाढवू की 2E घेऊ?

पायपीट

मदत हवी आहे. रोज चालायला जाळीच्या कापडाचे स्पोर्ट शूज घेतले. पुरुषांचे, यूके ८, आणि खोक्यावर रुंदीच्या जागी D छापलंय. उभं राहिलं की अंगठ्यापुढे बोटभर जागा राहते, टाच उचलली जात नाही. पण अर्धा तास चाललो की करंगळीच्या मुळाशी बूट चावायला लागतो आणि तिसऱ्या-चौथ्या बोटात मुंग्या येतात. बूट काढल्यावर करंगळीच्या बाजूला लाल पट्टा दिसतो, अंगठ्याच्या बाजूला मात्र काही नाही. लेस सैल केली की दहा मिनिटं बरं वाटतं, पण मग टाच हलते.

याच मॉडेलमध्ये ८½ D मिळतो, ८ 2E मिळतो आणि ८ 4E सुद्धा. बदलून घ्यायला आठवडा आहे. यातला कुठला घ्यावा?

लांबउडी

सरळ ८½ घ्या. बूट आवळला की अर्धा नंबर वर, सगळे हेच करतात. नंबर वाढला की रुंदीही वाढतेच.

फर्मा

लांबउडी, रुंदी वाढते हे खरं आहे, पण किती ते बघा. पूर्ण एक नंबर वाढला की बूट सुमारे साडेआठ मिमी लांब होतो आणि चवड्याचा घेर साधारण ६ मिमी वाढतो. रुंदीचं एक अक्षर वर गेलं तरी घेर तेवढाच, ६ मिमी वाढतो. म्हणजे अर्धा नंबर वाढवून हाती लागतो ३ मिमी घेर, आणि त्यासाठी चार मिमी नको असलेली लांबी पदरात पडते. D वरून 2E म्हणजे मधला E धरून दोन अक्षरं, म्हणून घेर १२ मिमी वाढतो आणि लांबी आहे तिथेच राहते. ही कागदावरची मापं झाली. बूट ज्या पायाच्या आकाराच्या साच्यावर बनतो तो फर्मा प्रत्येक कंपनीचा थोडा इकडेतिकडे असतो, पण प्रमाण असंच राहतं.

लांबी वाढवण्यात दुसरीही गोम आहे. बूट वाकतो तो त्याच्या सर्वांत रुंद जागी, आणि पाय वाकतो चवड्याच्या सांध्यावर. या दोन जागा एकावर एक याव्या लागतात. बूट लांब घेतला की त्याची रुंद जागा पुढे सरकते. तुमचा चवडा मग जिथे बूट निमुळता होतो तिथे येतो, आणि नंबर वाढवूनही आवळणं थांबत नाही.

पायपीट, निर्णय घेण्याआधी मोजा. संध्याकाळी, नेहमीचे मोजे घालून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन कागदावर उभे राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल उभी धरून बाह्यरेषा काढायला सांगा. स्वतः वाकून काढली तर भार एका पायावर जातो. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत लांबी घ्या. रुंदी घ्या ती अंगठ्याच्या मुळाच्या हाडापासून करंगळीच्या मुळाच्या हाडापर्यंत, म्हणजे तिरकी. काटकोनात घेतली तर कमी भरते. मग बुटातला इनसोल बाहेर काढून त्याचीही तीच दोन मापं लिहा.

रानजाई

इथेच विचारते, माझं याच्या उलट आहे बहुतेक. बायकांचे शूज घेतलेत, त्यावरही D आहे. D म्हणजे स्टँडर्ड ना? उभी असते तेव्हा पुढे बोटभर जागा असते, पण उतारावर अंगठ्याचं नख समोर आदळतं. पुढच्या नंबरचा घ्यावा का?

नाडीगाठ

पायपीट, मुंग्या म्हटलं की सगळे रुंदीवर घसरतात. बऱ्याचदा दोष लेसचा असतो. पायाच्या वरच्या बाजूला लेस घट्ट असली की खालची नस दबते आणि बोटं बधिर होतात. चवड्यावरच्या भोकांची पहिली जोडी रिकामी सोडा आणि सर्वांत वरच्या जादा भोकातून लेसचा फास करून टाच बांधा. फुकटात काम होतं.

फर्मा

नाडीगाठ, पायाचा वरचा भाग दुखला असता तर तुमचंच पहिलं ऐकलं असतं. इथे लाल पट्टा करंगळीच्या बाजूला आहे, तिथपर्यंत लेस पोचतच नाही. तरी टाच बांधायचा फास कामाचा आहे, तो लागेल.

रानजाई, तुमचा घोटाळा अक्षरातच आहे. D पुरुषांच्या बुटात स्टँडर्ड, पण बायकांच्या बुटात तोच D म्हणजे रुंद. बायकांचा स्टँडर्ड B आणि अरुंद 2A. पुरुषांच्या बुटावर B दिसला तर तो अरुंद. हे झालं अमेरिकी पद्धतीचं. ब्रिटिश अक्षरं निराळी, तिथे पुरुषांचा स्टँडर्ड F किंवा G असतो. जपानी मापात तर पुरुषांचा 2E सर्रास नेहमीचा समजला जातो. म्हणून नुसतं अक्षर बघू नका. ते पुरुषांचं की बायकांचं आणि कुठल्या पद्धतीचं, हे आधी बघा.

रुंद बुटात चवड्याला धरायला काही नसतं. उतारावर पाय पुढे घसरतो आणि नख आदळतं, म्हणून बूट आखूड वाटतो. मोठा नंबर घेतलात तर घसरायला आणखी वाव मिळेल. खात्री करायची तर लेस बांधून उभ्या राहा आणि चवड्यावरचं कापड दोन बोटांच्या चिमटीत धरा. चांगली घडी हातात आली तर बूट रुंद आहे. लेसच्या भोकांच्या दोन रांगा एकमेकींना टेकल्या असतील तर शंकाच नको.

रानजाई

टेकल्याच आहेत! आणि घडीही येते. म्हणजे त्याच नंबरात B.

पायपीट

मोजलं. उजवा पाय २६४ मिमी, डावा २६१. उजव्याची रुंदी १०९, डाव्याची १०६. इनसोल २७६ लांब आणि सर्वांत रुंद जागी ९७. इनसोलवर उभा राहिलो तर करंगळीचं मूळ बरंच बाहेर जातं, अंगठ्याची बाजू जवळपास काठावर. चिमटीत कापड येत नाही, ताणलेलंच आहे. करंगळीपाशी ते सोलच्या काठाबाहेर फुगतं.

फर्मा

मग चित्र स्पष्ट आहे. २७६ उणे २६४, पुढे १२ मिमी. चालण्याच्या बुटाला दहा-बारा पुरे, तेव्हा लांबीला हात लावू नका. रुंदीत पाय इनसोलपेक्षा १२ मिमी जास्त. हे सगळं धोक्याचं नाही, कारण वरचं कापड इनसोलच्या काठावरून किंचित बाहेर झुकून वर जातं आणि दोन्ही बाजूंना दोन-तीन मिमी सहज सामावतात. तेवढे वजा केले तर उरतात सहा ते आठ मिमी, आणि तुमच्या बाबतीत ते सगळे करंगळीकडे गोळा झालेत. पाय आत शिरताना अंगठ्याची बाजू सरळ टेकते, उरलेला पाय बाहेरच्या बाजूला ढकलला जातो. लाल पट्टा एकाच बाजूला का, त्याचं उत्तर हेच.

2E पासून सुरुवात करा. 4E म्हणजे D पेक्षा २४ मिमी जादा घेर. तेवढी तूट तुमची दिसत नाही, आणि डावा पाय तर त्यात पोहेल.

एक सावधगिरी घ्या. 2E आल्यावर पुन्हा इनसोल काढून बघाल तर तो कदाचित तेवढाच रुंद निघेल. बरेच कारखाने सोल तोच ठेवतात आणि फक्त वरचं कापड मोठं कापतात. तेव्हा इनसोलवरून निकाल देऊ नका. चिमटीत कापडाची किंचित सळ यावी, काठाबाहेर फुगवटा नसावा, आणि लेसच्या दोन रांगा समांतर राहाव्यात. आत्ता त्या चवड्याकडे फाकल्या असतील बघा.

पायपीट

फाकल्याच आहेत, खाली जास्त, वर कमी.

चामडेवाला

बदलायची मुदत गेली असेल त्यांच्यासाठी लिहितो. चामड्याचा बूट लाकडी फर्म्यावर ताणून करंगळीपाशी थोडी जागा करता येते. लांबी मात्र ताणून वाढत नाही. जाळीच्या कापडावर चिकटवलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतील तर ताण घेतच नाही, उलट पट्टी सुटते. वापरून सैल होईल या आशेवर घट्ट बूट ठेवू नका. सैल होतं ते वरचं, सोलचा काठ आहे तिथेच राहतो.

लांबउडी

पण मला अर्धा नंबर वाढवून खरंच फायदा झालाय. मग ते कसं?

फर्मा

होऊ शकतो. काहींची बोटं आखूड आणि टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर लांब असतं. अशा पायाला लांबीने बसणाऱ्या बुटात चवडा रुंद जागेच्या पुढे पडतो, आणि नंबर वाढवला की जागेवर येतो. पुढे जादा मोकळं राहतं, पण वाकणं जमतं. लेस बांधून टाच उचला. बुटाची मुख्य घडी चवड्याच्या सांध्यावर पडते की त्याच्या मागे, बोटाने चाचपून बघा. मागे पडत असेल तर तुमचंच बरोबर.

पायपीट

माझी घडी सांध्यावरच पडते. ८ 2E मागवलाय. एक शंका उरली: डावा तीन मिमी अरुंद आहे, त्याला 2E सैल झाला तर?

नाडीगाठ

डाव्याला फास लावा, उजव्याला नको.

फर्मा

आणि तेवढ्याने भागलं नाही तर डाव्याच्या इनसोलखाली पातळ जादा पट्टी घाला. पाय वर उचलला की घेर भरतो. पण ती पूर्ण लांबीची ठेवा. नुसती पुढच्या भागात घातली तर चवडा चढतो आणि टाच सैल होते. नव्या बुटाने दोन दिवस घरातच, फरशीवर फिरा. तळ मळला तर बदलून देत नाहीत.