मावशीच्या जनाज्याची नमाज: हक्क मुलाचा की पेशइमामांचा?

खेडवाली, बडोदा
आम्ही मूळचे खेडचे, कोकणी, मसलक शाफई. राहतो बडोद्यात, तांदलज्याला. इथली मशीद हनफी. नुकतीच माझी मावशी अल्लाहला प्यारी झाली. पेशइमामांनी जनाज्याची नमाज पढवली आणि मावशीचा थोरला मुलगा पहिल्या सफेत उभा राहिला. त्याला कुणी विचारलं नाही, त्यानेही काही म्हटलं नाही. दफन झाल्यावर मामा म्हणाले, हक्क मुलाचा होता, शिवाय हनफी इमामांनी फातिहा पढली नसणार, तेव्हा नमाज अपुरी राहिली. माझं मत मामांच्या बाजूचं आहे. आईची नमाज मुलाने नाही पढवायची तर कुणी? तुमचं म्हणणं सांगा.

सलीम, इंदूर
मामांचं म्हणणं पटत नाही. इमाम हजर असताना मुलाने पुढे व्हायचं नसतं. हजरत हसन यांच्या जनाज्याला सख्खे भाऊ हजरत हुसैन हजर होते, तरी त्यांनी सईद बिन आस यांना पुढे केलं आणि हा सुन्नत तरीका नसता तर तुम्हाला पुढे केलं नसतं, असं तोंडावर सांगितलं. याहून मोठा दाखला कुठला हवा? आणि जनाज्यात फातिहा नाहीच. पहिल्या तकबीरीनंतर सना, दुसरीनंतर दुरूद, तिसरीनंतर दुआ, चौथी झाली की सलाम. फातिहा पढली तर नमाज बिघडते.

मास्तर, रत्नागिरी
सलीमभाई, सईद बिन आस त्या वेळी मदिन्याचे हाकिम होते, मोहल्ल्याच्या मशिदीचे इमाम नव्हते. त्या प्रसंगातून हाकिमाचा हक्क निघतो. हनफी क्रमात हाकिम, काजी, मोहल्ल्याचा इमाम आणि मग वली असं येतं खरं. पण इमामाला पुढे करणं मुस्तहब म्हटलंय, तेही तो वलीपेक्षा सरस असेल तर. मुलगाच जास्त जाणता असेल तर तोच पुढे झालेला बरा.

शाफई मसलकात उलटं आहे. तिथे वली आधी, अगदी हाकिमाच्याही आधी. बाप, आजा, मग मुलगा, नातू, मग भाऊ. कारण असं देतात की जवळच्या माणसाच्या दुआत कळकळ जास्त असते, आणि ही नमाज म्हणजे मुळात दुआच आहे. खेडवाली, तुमच्या मावशीचे वडील हयात नसतील तर हक्क मुलाचा, त्यानंतर मामांचा. मामा मसलकाला धरून बोलले.

फातिहाने नमाज बिघडते हे मात्र हनफी उलमाही म्हणत नाहीत. ती किरात म्हणून पढू नये, दुआच्या नियतीने पढली तर चालते, असं ते सांगतात. इब्ने अब्बास यांनी जनाज्यात फातिहा पढली आणि लोकांना कळावं की ही सुन्नत आहे म्हणून पढली, असं सांगितलं. ही रिवायत बुखारीत आहे.

खेडवाली, बडोदा
म्हणजे नमाज अपुरी राहिली की नाही? मामा झोपेतही तेच बोलतात. आणि मावशीचा मुलगा, म्हणजे माझा भाऊ, पुढे झाला असता तर मागच्या सगळ्या हनफी लोकांची नमाज झाली असती का?

दांडियाबाजार
मी मुसलमान नाही, पण बडोद्याचाच. आमच्या वाड्याशेजारचे एक चाचा गेले तेव्हा मी कबरस्तानापर्यंत गेलो होतो. सगळे ओळीत उभे, मी मागे. आता हे वाकतील, मग कपाळ टेकतील, म्हणून मीही वाकायच्या तयारीत होतो. कुणीच वाकलं नाही आणि दोन्हीकडे मान वळवून सगळं संपलं. गेलेल्या माणसाला नमस्कार करायचाच नाही, असा याचा अर्थ का? मला तेव्हा फार चुकल्यासारखं वाटलं.

मास्तर, रत्नागिरी
काका, तुम्ही मागे उभे राहिलात हेच चाचांच्या घरच्यांना पुरे झालं असेल. या नमाजीत रुकू नाही, सजदा नाही, बसणंही नाही. समोर मय्यत ठेवलेली असते. तिच्या दिशेने कुणी वाकलं तर सजदा मय्यतीला केल्यासारखा दिसेल, आणि सजदा अल्लाहशिवाय कुणालाही नाही. उभं राहून तिच्यासाठी मागायचं, एवढंच. अजान आणि इकामतही नसते. नमाजी लोकांचीसुद्धा सवयीने चूक होते: तकबीर ऐकली की एखादा रुकूला जातो. म्हणून बरेच इमाम सुरू करण्याआधी मोठ्याने सांगतात की चार तकबिरी होतील, हात फक्त पहिल्या तकबीरीला उचला.

खेडवाली, आता तुमचा दुसरा प्रश्न. भाऊ पुढे झाला असता तर नमाज अशी चालली असती. तो मावशीच्या शरीराच्या मधोमध समोर उभा राहिला असता. मय्यत पुरुषाची असती तर डोक्यासमोर. हनफी इमाम दोघांनाही छातीसमोर उभा राहतो. पहिल्या तकबीरीला हात उचलून बांधायचे आणि मनात फातिहा पढायची, सना नाही. मागचे हनफी तेवढ्या वेळात सना पढून गप्प उभे राहतील, त्याने काही अडत नाही. दुसऱ्या तकबीरीला तो पुन्हा हात उचलेल, मागचे उचलणार नाहीत, तेही चालतं. मग दोघांचंही तेच दुरूद, अत्तहिय्यातनंतर पढतो ते. तिसरीनंतर दुआ: अल्लाहुम्मग्फिर लिहय्यिना व मय्यितिना व शाहिदिना व गाइबिना, इथून पुढे. शाफईंच्यात खास त्या मय्यतीसाठी मागणं लागतंच, म्हणून अल्लाहुम्मग्फिर लहा वर्हम्हा हे त्याने जोडायचं. पुरुष असता तर लहू वर्हम्हू.

घोळ होतो तो चौथ्या तकबीरीनंतर. हनफी जमात लगेच सलामाची वाट बघते. शाफई इमाम तिथे थांबून अल्लाहुम्म ला तहरिम्ना अज्रहा व ला तफ्तिन्ना बअ्दहा पढतो. त्या शांततेत मागचे एकदोघे स्वतःच सलाम फेरून मोकळे होतात आणि सफेत कुजबुज सुरू होते. भावाने आधीच सांगायचं, चौथ्या तकबीरीनंतर मी थोडा थांबेन, सलाम माझ्या मागे फेरा. एवढं सांगितलं तर हनफींची नमाज बिनधोक होते, कारण त्यांच्याकडे रुक्न दोनच, चार तकबिरी आणि उभं राहणं.

फातिमाबी, ग्वाल्हेर
मी इमामाच्या हक्काविषयी बोलते. आम्ही हनफी. आमच्याकडे इमामाला पुढे करण्याचं कारण असं सांगतात की मय्यतने हयातीत त्याच्यामागे नमाज पढणं पसंत केलं होतं, तर आताही त्यानेच पढवावी. पण या मावशी मशिदीत कधी गेल्या असतील? आमच्याकडे बायका घरीच पढतात. ज्यांच्यामागे त्या एकदाही उभ्या राहिल्या नाहीत, त्यांच्यासाठी हे कारण कसं लागू पडतं? माझ्या आईच्या वेळी हे माझ्या मनात आलं होतं, विचारायचं धाडस झालं नाही. आणि आम्हा मुलींना तर नमाजच मिळाली नाही. जनाजा दारातून गेला, आम्ही आत.

सलीम, इंदूर
बाजी, हुकूम एकेका माणसावर मोजत नाहीत. मोहल्ल्याचा इमाम मोहल्ल्यातल्या सगळ्यांचा, बायकांचाही. नाहीतर प्रत्येक दारात जनाज्यापाशी वाद उभा राहील की हा इमामामागे पढायचा का नाही. फातिहाबद्दल मास्तर म्हणतात ते मान्य, दुआ म्हणून पढता येते. पण पेशइमामांनाच पुढे करावं या मतावर मी ठाम आहे. भाऊ दुःखात असतो, त्याचा आवाज फुटत नाही, तिसऱ्या तकबीरीनंतर चौथी विसरतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मास्तर, रत्नागिरी
बाजींचा मुद्दा हलका नाही. शाफई याच धर्तीवर म्हणतात की नातं पक्कं असतं, इमामाशी संबंध असेल किंवा नसेल. बायकांच्या नमाजीबद्दल: हजरत आयशा यांनी साद बिन अबी वक्कास यांचा जनाजा मशिदीत आणायला लावला, त्यांना स्वतःला नमाज पढता यावी म्हणून. शाफईंकडे बायकांनी ही नमाज पढायला आडकाठी नाही. मुलीने पुरुषांची नमाज पढवणं मात्र दोन्हीकडे नाही.

सलीमभाईंची चौथी तकबीर विसरण्याची भीती खरी आहे. पण त्यावर उपाय भावाने इजाजत देणं हा आहे. वलीने आपल्या जागी दुसऱ्याला उभं केलं की हक्क शाबूत राहतो. बडोद्यात नेमकं तेच झालं नाही, कुणी विचारलंच नाही. तरी हनफी हिशोबाने भाऊ त्याच इमामामागे उभा राहिला, त्यातच त्याची रजा आली आणि नमाज पुन्हा पढण्याचा हक्क संपला. ज्याला पुढे होण्याचा हक्कच नाही अशा कुणी पढवली असती आणि भाऊ बाजूला राहिला असता, तरच त्याला पुन्हा पढवता आली असती.

खेडवाली, बडोदा
मग फातिहाचं काय? मामा तिथेच अडलेत.

मास्तर, रत्नागिरी
मामा स्वतः मागे होते ना? त्यांनी आपली फातिहा पढली का ते विचारा. शाफई माणसाने हनफी इमामामागे स्वतः पढायचीच असते. अडचण एवढीच की सना फातिहापेक्षा छोटी, त्यामुळे आपली आयत अर्धी असताना इमामांची दुसरी तकबीर येते. आमच्याकडे सोय अशी की फातिहा पहिल्या तकबीरीलाच बांधलेली नाही, पुढच्या एखाद्या तकबीरीनंतर पढली तरी चालते. दुरूद आणि दुआ मात्र आपापल्या जागी. मी स्वतः तिसरीनंतर ती पढतो, कारण तिथे इमाम जास्त थांबतात, आणि मग दुआ आखडती घेतो.

इमामांनी पढली की नाही हे मागच्याला कळत नाही, सगळं मनातल्या मनात चालतं. ठाऊक नसताना आपल्याकडे गृहीत असं धरतात की त्याने मतभेदातून वाचण्यासाठी पढली असेल. पढली नाही हे पक्कं माहीत असेल तर मात्र शाफई मसलकात अडचण आहे, ती मी लपवत नाही. म्हणून मामांनी इमामांना जाऊन विचारू नये, असं माझं मत.

खाडीकाठ
हे मला पटलं नाही मास्तर. न विचारता नमाज पक्की ठरवायची, आणि विचारलं की अडचण? शाफईंकडे ज्यांची नमाज राहिली त्यांना कबरीवर पढता येते. मामांच्या मनाला लागून राहिलंय तर त्यांनी कबरस्तानात जाऊन चार तकबिरी पढाव्यात.

सलीम, इंदूर
हनफी कबरस्तानात दुसऱ्यांदा नमाज? लोक विचारतील पहिलीला काय झालं होतं. मावशीच्या मुलांना उत्तरं देत बसावी लागतील.

मास्तर, रत्नागिरी
खाडीकाठ, कबरीवरची नमाज जायज आहे, पण ती ज्याची राहिली त्याच्यासाठी. मामा जमातीत होते. त्यांनी फातिहा पढली असेल तर त्यांची राहिलेली नाही. पढली नसेल तर पढावी, एकट्याने, जमात न जमवता.

खेडवाली, बडोदा
मामांना विचारलं. ते म्हणाले, मालिकि यौमिद्दीनपर्यंत पोहोचलो आणि तकबीर झाली, मग पुढे काय करायचं ते सुचलं नाही, तसाच दुरूद पढलो. शुक्रवारी ते कबरस्तानात जाणार आहेत. भाऊ सोबत जाईल, पण मागे सफेत उभा राहणार नाही म्हणतो, त्याची झाली आहे.